कॅलरी जुळल्या, प्रथिनं हुकली: एका दिवसाच्या आहारनोंदीची फेरतपासणी

पुण्यात ऑफिसात बैठं काम करणाऱ्या, चव्वेचाळीस वर्षांच्या, ६४ किलो वजनाच्या एक ताई. घरात त्या, नवरा आणि सासूबाई अशी तीन माणसं. मांसाहार आणि अंडी घरात येत नाहीत. वजन हळूहळू उतरवायचं म्हणून आम्ही दिवसाचं उद्दिष्ट ठरवलं होतं १६०० कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांचा आकडा काही हवेतून काढलेला नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६४ किलोला ती ५३ ग्रॅम होतात, त्यावर थोडी मोकळीक ठेवून ५५ धरली.

ताई हिशेबाला पक्क्या. स्वयंपाकघरात डिजिटल काटा आणला, एक्सेलमध्ये तक्ता केला आणि ताटात पडणारा प्रत्येक पदार्थ लिहायला लागल्या. पुढच्या भेटीत बुधवारचं पान समोर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, कॅलरी १६२१ आल्यात, म्हणजे जमलंच. पण प्रोटीन साडेबासष्ट होतंय, सात ग्रॅम जास्त. मग रात्रीचं दही बंद करू का? तेवढ्याच साठ कॅलरी वाचतील."

दही बंद करण्याआधी तक्ता ओळीओळीने वाचायचं ठरवलं. खाली बेरीज कितीही नीटनेटकी दिसली, तरी ती कशाकशाची आहे हे वरच्या ओळींतच कळतं.

जी ओळ खटकली

त्या पानावर वरणाची नोंद अशी होती: वरण, १२० ग्रॅम, ३९७ कॅलरी, २६ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे एका लहान वाटीतल्या पातळ वरणात चार अंड्यांइतकी प्रथिनं निघाली. डाळ पौष्टिक असते हे खरंच, पण वरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं हेही तितकंच खरं.

ताईंनी आकडे घेतले होते ते योग्य ठिकाणाहून. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत ५२८ पदार्थ आहेत, आणि आपल्याकडे हिशेब करायचा तर त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही हाताशी नाही. तूरडाळीच्या ओळीत १०० ग्रॅमला २१.७ ग्रॅम प्रथिनं आहेत. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, १३८४. त्याला ४.१८४ ने भागलं की ३३१ कॅलरी येतात. हा भागाकारही ताईंनी चोख केला होता. (अनेक जण तो विसरतात, पण मग आकडा एकदम चौपट होतो आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.)

गोची वेगळीच होती. तक्त्यातली ती डाळ कच्ची, कोरडी, डब्यातली डाळ आहे. ताईंनी काट्यावर ठेवलं होतं ते शिजवून, घोटून, पाणी घालून सारखं केलेलं वरण. वजन एका अवस्थेतलं आणि पोषणमूल्य दुसऱ्या अवस्थेतलं, आणि या दोघांचा गुणाकार झाला.

भाताच्या ओळीत मात्र असं काही झालं नव्हतं, आणि त्याचं कारण घरातल्या कामाच्या वाटणीत होतं. भात ताई स्वतः लावतात. धुण्याआधी त्यांनी तांदूळ मोजला होता, तिघांचा मिळून १८० ग्रॅम, म्हणून आपल्या वाट्याचे ६० ग्रॅम त्यांनी लिहिले. वरणाचं सासूबाईंकडे. ताईंच्या काट्यावर ते आलं तेच मुळी वाटीतून.

पातेल्यातून परत डाळीपर्यंत

शिजलेल्या वरणात डाळ किती हे अंदाजाने सांगता येत नाही. कुणाचं वरण गोळ्यासारखं, कुणाचं आमटीसारखं. इंटरनेटवर 'शिजवलेली डाळ' म्हणून जे आकडे सापडतात, ते कुणाच्या घरच्या पातेल्यातले आहेत हे कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा आपलंच पातेलं मोजलेलं बरं, आणि ते एकदाच करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सासूबाईंना विनंती केली की, कुकरला लावण्याआधी डाळ काट्यावर ठेवा. डाळ भरली ९० ग्रॅम. रिकाम्या पातेल्याचं वजन ४१० ग्रॅम. वरण तयार झाल्यावर, वाढायला घेण्याआधी, पातेल्यासकट वजन ९५० ग्रॅम. म्हणजे वरण ५४० ग्रॅम आणि त्यात डाळ ९०, म्हणजे सहावा हिस्सा. ताईंच्या वाटीतल्या १२० ग्रॅम वरणात डाळ आली २० ग्रॅम. तिच्या कॅलरी ६६ आणि प्रथिनं ४.३ ग्रॅम.

सव्वीसच्या जागी सव्वाचार. या एका ओळीने प्रथिनांच्या बेरजेतून जवळजवळ २२ ग्रॅम काढून घेतले आणि कॅलरीतून ३३१.

इथे ताईंनी रास्त प्रश्न विचारला. कॅलरीतून एवढं कमी झालं तर खरी बेरीज १२९० वर आली पाहिजे. मग आपण उद्दिष्टाच्या तीनशेने खाली आहोत, आणि तरीही महिनाभर काटा जागचा हलत का नाही?

जे लिहिलंच नव्हतं

पुन्हा पान वाचलं. पोह्यांच्या ओळीत पोहे, शेंगदाणे, कांदा. पोळ्यांच्या ओळीत कणीक. भाजीच्या ओळीत भेंडी. संपूर्ण दिवसात तेल हा शब्द कुठेच नाही. तूपही नाही. ताटात तेल वेगळं वाढलं जात नाही, म्हणून ते काट्यावर येत नाही आणि वहीतही येत नाही. आहारनोंदीतून सगळ्यात जास्त वेळा गळणारी वस्तू कोणती असं मला विचारलं, तर मी डोळे मिटून तेल सांगेन.

"भाजीतलं सगळं तेल थोडंच पोटात जातं?" ताई म्हणाल्या. परतलेल्या भाजीत जवळजवळ सगळंच जातं. कढईच्या तळाला उरतं ते आपण पोळीच्या तुकड्याने पुसून खातो. तळणीचं वेगळं. तिथे कढईतलं तेल तळणाआधी आणि नंतर मोजून फरक घ्यावा लागतो.

तेल मोजायचा सोपा उपाय म्हणजे चमचे न मोजता बाटली मोजायची. घरात रोजच्या वापराची तेलाची एक छोटी बाटली असतेच. ताईंनी तसाच स्वयंपाक असलेल्या दिवशी सकाळी ती काट्यावर ठेवली, ४८६ ग्रॅम. रात्री ओटा आवरल्यावर पुन्हा ठेवली, ३९० ग्रॅम. तिघांनी मिळून ९६ ग्रॅम. त्याची फोड केली तर पोह्यांना ३०, भेंडीला ३० आणि दिवसभरातल्या बारा पोळ्यांना, घडी घालताना आणि वरून लावायला, ३६. ताईंचा वाटा ३२ ग्रॅम. वरणभातावरचं तूप एक चमचा, ५ ग्रॅम, ते वेगळं. तेलातुपाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३७ ग्रॅमचे ३३३.

हा एका दिवसाचा आकडा खरा मानायचा का, हे किराणाच्या यादीवरून पडताळता येतं. त्यांच्या घरी महिन्याला तीन लिटर तेल येतं. एक लिटरच्या पिशवीवर वजन ९१० ग्रॅम छापलेलं असतं. तीन पिशव्यांचे २७३० ग्रॅम, तीन माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३० ग्रॅम. बाटलीचा ३२ आणि यादीचा ३० एकमेकांना धरून आहेत. ज्यांना रोज काहीच मोजायचं नाही, त्यांनी निदान हा महिन्याचा भागाकार करावा. वहीत रोजचं तेल दहा ग्रॅम दिसत असेल आणि किराणा तीस सांगत असेल, तर माझा विश्वास किराणावर.

तेलाबरोबर आणखी एक बारीक गळती सापडली. कोशिंबिरीत काकडी लिहिली होती, दाण्याचं कूट नव्हतं. दहा ग्रॅम कूट म्हणजे ५२ कॅलरी आणि २.४ ग्रॅम प्रथिनं.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवू.

| पदार्थ | आधीची नोंद: कॅलरी / प्रथिनं (ग्रॅम) | सुधारलेली: कॅलरी / प्रथिनं (ग्रॅम) |
|---|---|---|
| चहा, २ कप | १९० / ४.९ | १९० / ४.९ |
| कांदेपोहे | २८४ / ७.६ | ३७४ / ७.६ |
| पोळ्या, ४ | ३८४ / १२.७ | ४९२ / १२.७ |
| भेंडीची भाजी | २७ / २.१ | ११७ / २.१ |
| काकडीची कोशिंबीर | १५ / ०.४ | ६७ / २.८ |
| मारी बिस्किटं, २ | ५० / ०.९ | ५० / ०.९ |
| भात | २१४ / ४.८ | २१४ / ४.८ |
| वरण | ३९७ / २६.० | ६६ / ४.३ |
| तूप | नोंद नाही | ४५ / ० |
| दही, १०० ग्रॅम | ६० / ३.१ | ६० / ३.१ |
| एकूण | १६२१ / ६२.५ | १६७५ / ४३.२ |

कॅलरीच्या दोन बेरजांत अवघा ५४ चा फरक. वरणात ३३१ कॅलरी फुगल्या होत्या, तेलातुपात ३३३ बुडाल्या होत्या आणि दोघांनी एकमेकांना झाकलं. प्रथिनांच्या रकान्यात अशी झाकपाक होऊच शकत नव्हती, कारण तेलात प्रथिनं नसतात. तिथे वरणाची सूज उघडी पडायला हवी होती. पण तो आकडा उद्दिष्टाच्या वर होता, आणि उद्दिष्ट पार झालं की माणूस पुढे तपासत नाही. प्रत्यक्षात ताई रोज बारा ग्रॅम मागे होत्या, आणि दही बंद केलं असतं तर पंधरा.

४-४-९ च्या पडताळणीत हे का सापडलं नाही

ताईंनी इंटरनेटवर वाचून एक पडताळणी आधीच केली होती. प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४, कर्बोदकांचे गुणिले ४, स्निग्ध पदार्थांचे गुणिले ९. ही बेरीज एकूण कॅलरींशी जुळली तर तक्ता बरोबर. अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केलेल्या कामातून हे गुणक आले आणि आजही चालतात. तूरडाळीवर करून पाहिलं तर २१.७ ग्रॅम प्रथिनांचे ८७, ५५.२ ग्रॅम कर्बोदकांचे २२१ आणि १.६ ग्रॅम स्निग्धांचे १४, मिळून ३२२. डाळीतल्या तंतूंचे थोडे धरले की ३३१ च्या आसपास येतं. ताईंच्या पानाचंही असंच जुळलं होतं आणि म्हणून त्या निश्चिंत होत्या.

पण ही पडताळणी फक्त आकडे उतरवून घेताना झालेली चूक पकडते. किलोज्यूल कॅलरी म्हणून लिहिले, रकाना चुकला, दशांश चिन्ह सरकलं, तर बेरीज फाटते. वजनच चुकलं असेल तर कॅलरी, प्रथिनं, कर्बोदकं, सगळं एकाच प्रमाणात फुगतं आणि आतला मेळ तसाच राहतो. तेल लिहायचं राहिलं, तर स्निग्धांचे ग्रॅमही राहतात आणि त्यांच्या कॅलरीही, म्हणून तिथेही मेळ बसतो. या पानावर जे दोन्ही मोठे घोळ होते, ते नेमके या चाळणीतून सुटणाऱ्या जातीचे. त्यांना पकडायला डोळ्यांनी वाचणंच लागतं: एका वाटीला शोभेल एवढाच आकडा आहे का, आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू पानावर कुठे ना कुठे दिसते का.

तक्ता नव्याने

यानंतर तक्त्याची रचना बदलली. आधी एक ओळ म्हणजे एक पदार्थ होता, आता एक ओळ म्हणजे एक कच्चा जिन्नस. 'कांदेपोहे' अशी ओळ राहिली नाही. पोहे ६०, तेल १०, शेंगदाणे १०, कांदा अशा ओळी झाल्या. बी रकान्यात आपल्या वाट्याचे कच्चे ग्रॅम, सी मध्ये १०० ग्रॅमच्या कॅलरी, डी मध्ये १०० ग्रॅमची प्रथिनं. दिवसाची बेरीज दोन सूत्रांत निघते:

```
=SUMPRODUCT(B2:B31,C2:C31)/100
=SUMPRODUCT(B2:B31,D2:D31)/100
```

या सूत्राची एक खोड माहीत असावी. रिकामी चौकट ते शून्य धरतं. डी रकान्यात एखाद्या जिन्नसाची प्रथिनं भरायची राहिली तर काही बोंब होत नाही, बेरीज गुपचूप कमी येते. कॅलरी-प्रथिनांत हे सहसा घडत नाही, पण ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाचा रकाना उघडला की घडतंच, कारण ते आकडे बऱ्याच पदार्थांसाठी मिळत नाहीत. मग खालची बेरीज तूट दाखवते आणि ती ताटातली की तक्त्यातली हे सांगता येत नाही. ताईंनी हौसेने केलेले तसले सहा रकाने मी काढायला लावले. लोहाचा ठेवला, पण त्याची एका दिवसाची बेरीज वाचायची नाही, आठवड्याची सरासरी वाचायची असं ठरलं. पालेभाजी आठवड्यातून दोनतीनदा होते, तेव्हा एकट्या बुधवारवरून काय ठरवणार?

पहिल्या तीस ओळी कायम ठेवल्या, कारण घरात जिन्नस तेच तेच येतात. रोज बदलायचा तो फक्त बी रकाना. त्यात तेल आणि तूप या दोन ओळी सगळ्यात वर घेतल्या. सकाळी पान उघडलं की त्या रिकाम्या दिसतात.

मग ताटात काय बदललं

प्रथिनं बारा ग्रॅमने वाढवायची आणि कॅलरी वाढू द्यायच्या नाहीत. प्रत्येक बदल तक्त्यात आधी घालून पाहिला. वरणात डाळ दुप्पट, म्हणजे वाटीमागे ४० ग्रॅम: ६६ कॅलरी वाढल्या, ४.३ ग्रॅम प्रथिनं मिळाली. सासूबाईंना घट्ट वरण आवडत नाही, म्हणून ताई आपल्यापुरती डाळ पाणी घालण्याआधी काढून घेतात. दही बंद न करता दोनशे ग्रॅम केलं: ६० कॅलरी, ३.१ ग्रॅम. डब्यात ३० ग्रॅम कोरड्या मुगाची मोड आणून उसळ, ५ ग्रॅम तेलात: १३३ कॅलरी, ६.८ ग्रॅम. मोड आल्यावर मूग दुपटीहून जड होतात, तेव्हा वजन भिजवण्याआधीचंच लिहायचं. वरणाचा घोळ इथे पुन्हा होऊ शकतो.

एवढ्याने प्रथिनं १४.२ वाढली, पण कॅलरीही २५९ वाढल्या. त्या काढण्यासाठी रात्रीची पोळी गेली, दुपारची बिस्किटं गेली, पोह्यांतलं आणि भेंडीतलं तेल माणशी पाच-पाच ग्रॅमवर आलं आणि चहाच्या कपामागे एक चमचा साखर कमी झाली. मिळून ३०३ कॅलरी वजा, प्रथिनंही ४.१ वजा.

नवी बेरीज १६३१ कॅलरी आणि ५३.३ ग्रॅम. उद्दिष्ट १६०० आणि ५५. ताईंना ते ३१ आणि १.७ खुपत होते. मी तिथेच थांबायला सांगितलं. तक्त्यातला आकडा हा त्या पदार्थाच्या अनेक नमुन्यांचा सरासरी आकडा असतो. आपल्या दुकानातली डाळ त्याहून थोडी इकडेतिकडे असणार. पातेल्यातून वाढताना प्रत्येक वाटीत डाळ आणि पाणी सारख्या प्रमाणात येत नाही. या सगळ्यात दिवसाच्या बेरजेत शंभरेक कॅलरींचं आणि तीनचार ग्रॅम प्रथिनांचं डुगडुगणं गृहीतच धरावं. त्याच्या आतला फरक खरा फरक म्हणून वाचायला गेलो, तर आपण काट्याची थरथर वाचत असतो.

राहता राहिला शनिवार. त्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बाहेर मिसळ होते. तिच्यातली मटकी मोजता येत नाही आणि तर्रीचं तेल तर नाहीच. ताई पूर्वी ती ओळ कोरी सोडत. म्हणजे सूत्राच्या हिशेबाने शून्य, आणि शनिवार कायम आदर्श दिसायचा. आता अंदाजाने जिन्नस लिहून त्या ओळींपुढे 'अं' अशी खूण करतात: मटकी ४० ग्रॅम, फरसाण ३०, तेल २०, पाव दोन. ज्या दिवशी खुणेच्या ओळींचा वाटा एकूण कॅलरींच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतो, त्या दिवसाची बेरीज आठवड्याच्या सरासरीत जाते, पण उद्दिष्ट गाठलं की हुकलं हे त्या दिवसापुरतं तपासायचं नाही.